66 आणि 75 यांच्यामध्ये नेमकं काय असतं?

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास शिकते आहे. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मराठी तिला मी शिकवलं. गेल्या महिन्यात तिचा एक निबंध तपासून परत आला. विषय 'फातिमा शेख यांचे शैक्षणिक कार्य', मर्यादा दीड हजार शब्दांची, गुण 100 पैकी 66. तिनं आपल्या प्राध्यापिकेला एक मेल केला आणि तोच मलाही पाठवला. त्यावर लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. मेल असा: "मॅडम, 66 गुणांबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच विचारायचं आहे की ज्या निबंधाला 75 मिळतात त्यात असं काय असतं, जे माझ्या निबंधात नाही? पुढच्या वेळी ते करता यावं म्हणून विचारते."

उत्तर आलं: "निबंध चांगला आहे. अजून खोलात जायला हवं होतं. वाचन वाढव."

हे उत्तर वाईट हेतूनं दिलेलं नाही. आपण बहुतेक शिक्षक हेच उत्तर देतो. पण ते उत्तर नव्हे, आणि असली उत्तरं देणं आपण बंद केलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. चांगला निबंध आणि विशेष प्रावीण्याचा निबंध यांतला फरक गूढ नाही. तो बोट ठेवून दाखवता येतो. आणि जो फरक आपण दाखवू शकत नाही, त्याच्या नावानं कुणाचे नऊ गुण कापण्याचा आपल्याला हक्क नाही.

स्टाफरूममध्ये असा मेल आला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "गुण वाढवून हवेत, दुसरं काय!" मेल नीट वाचा. गुण वाढवा असं त्यात कुठंही नाही. विद्यार्थिनी निकाल मान्य करते आहे आणि निकष विचारते आहे. सुतारानं शिकाऊ पोराचं पाट बघून "ठीक आहे" म्हटलं आणि पोरानं विचारलं, "उस्ताद, उत्तम व्हायला काय कमी पडलं?" तर उस्ताद त्याला 'वाचन वाढव' म्हणणार नाही. तो सांध्यावरून बोट फिरवेल आणि म्हणेल, "हे बघ, इथं फट राहिली."

आता आपली ठरलेली उत्तरं बघू. पहिलं, "खोली कमी पडली." खोली म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला माहीत असतं तर त्यानं ती आणलीच नसती का? दुसरं, "वाचन वाढव." हे उत्तर तर दिशाभूल करतं. 45 गुणांचा निबंध 66 पर्यंत नेता येतो तो भर घालून. माहिती अपुरी असेल तर माहिती घालायची, क्रम चुकला असेल तर क्रम लावायचा, विषय सोडून गेलेलं काढायचं. पण 66 पासून 75 पर्यंतचा रस्ता भर घालण्याचा नाही. माझी विद्यार्थिनी आणखी तीन पुस्तकं वाचून आणखी सहा गोष्टी निबंधात घालेल आणि तिला 67 मिळतील. मग ती समजेल की मेहनतीनं काही होत नाही.

तिसरं उत्तर आमच्या मुलामुलींच्या वाट्याला जरा जास्तच येतं: "भाषा सुधार." घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांच्या मराठीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, नामाचं लिंग कधीकधी चुकतं. हे दोष खरे आहेत. ते सुधारलेच पाहिजेत आणि मी वर्गात ते रोज सुधारतो. पण या निबंधात अशा चुका मला सगळ्या मिळून चार सापडल्या. त्या 66 आणि 75 यांच्यामधली भिंत नाहीत. शिवाय 'भाषा सुधार' ऐकून मूल काय करतं? ते निबंधाला सुरुवातीला एक शेर आणि शेवटी एक सुविचार जोडतं आणि मध्ये 'अतुलनीय', 'अविस्मरणीय', 'देदीप्यमान' पेरतं. म्हणजे आपल्या सल्ल्यानं निबंध आणखी पोकळ होतो.

चौथं उत्तर तोंडावर कुणी देत नाही, पण मनात असतं: "डिस्टिंक्शनची मुलं वेगळीच असतात." असं मानायचं तर मग आपण शिकवतो कशाला?

तर प्रत्यक्ष निबंधच बघू. त्यात काय चांगलं होतं ते आधी सांगतो, कारण 66 हे फुकटचे गुण नाहीत. विषय सोडून एक परिच्छेदही गेलेला नाही. 1848 मध्ये पुण्यात फुले दांपत्यानं सुरू केलेली मुलींची शाळा, त्या काळचा विरोध, सावित्रीबाईंची साथ, फातिमा शेख यांचं स्थान आणि आजचं महत्त्व असा क्रम स्वच्छ आहे. वाक्यं समजतात. असा निबंध लिहिणारी मुलगी विषय समजून घेऊन लिहिते आहे. आता त्यातला मधला परिच्छेद वाचा:

"फातिमा शेख या भारतातील पहिल्या मुस्लिम शिक्षिका होत्या. त्यांनी सावित्रीबाईंच्या खांद्याला खांदा लावून, अनेक संकटांना तोंड देत मुलींच्या शिक्षणाचे महान कार्य केले. समाजाचा विरोध झाला तरी त्या मागे हटल्या नाहीत. त्यांचे योगदान कधीही विसरता येणार नाही."

एक प्रयोग करा. यातलं फातिमा शेख हे नाव झाका आणि तिथं एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कुठल्याही समाजसुधारक स्त्रीचं नाव ठेवा. 'मुस्लिम' हा एक शब्द बदलला की परिच्छेद जसाच्या तसा चालतो. जो परिच्छेद कुणालाही लागू पडतो, तो कुणाबद्दलच काही सांगत नसतो. 66 गुणांच्या निबंधाची ही पहिली खूण.

दुसरी खूण. पहिल्या वाक्यापाशी थांबा आणि विचारा: हे कशावरून? 'पहिल्या' हा फार मोठा शब्द आहे. तो सिद्ध करायचा तर त्यांच्या आधी कुणी नव्हतं हे दाखवावं लागतं. 'संकटांना तोंड दिलं', तर कोणत्या? कुठं नोंद आहे? निबंधात याचं उत्तर नाही, कारण निबंधाला हा प्रश्न पडलेलाच नाही. जे सगळे म्हणतात ते तिनं व्यवस्थित मांडलं. चांगला निबंध इथवर येतो.

विशेष प्रावीण्याचा निबंध याच ठिकाणी वळण घेतो. तो विचारतो: फातिमा शेख यांच्याबद्दल त्या काळातला पुरावा कोणता, आणि त्या पुराव्यावरून किती म्हणता येतं?

एक ठोस पुरावा आहे. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आल्या आहेत. महार-मांगांसाठी काम केल्यावरून भावाशी झालेला वाद त्या पत्रात सविस्तर लिहितात. त्याआधी, पत्राच्या सुरुवातीकडेच फातिमाचा उल्लेख येतो. त्याचा आशय असा, की माझ्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढंच. आता याच परिच्छेदाचं मी लिहिलेलं दुसरं रूप बघा:

"फातिमा यांच्याबद्दलचा समकालीन पुरावा थोडा आहे, पण जो आहे तो बोलका आहे. 1856 च्या पत्रात सावित्रीबाई हे नाव कोणतीही ओळख करून न देता लिहितात. म्हणजे जोतीरावांना ही व्यक्ती चांगली परिचित होती. सावित्रीबाई पुण्यात नसल्यामुळे फातिमावर भार पडतो, यावरून दोघींमध्ये काही काम वाटून घेतलेले होते असे दिसते. हे काम कोणते, ते पत्र सांगत नाही. मात्र त्याच पत्रातला मोठा भाग त्यांच्या सामाजिक कामावरून झालेल्या वादाचा आहे, त्यामुळे हा भार शाळेच्या कामाचा असावा असे मला वाटते. तो घरकामाचाही असू शकतो, ही शक्यता पत्रावरून नाकारता येत नाही. 'पहिल्या मुस्लिम शिक्षिका' हे विधान या एका पत्रावर उभे राहत नाही. पण फुल्यांच्या विश्वासातली, जबाबदारी पेलणारी सहकारी हे विधान नक्की उभे राहते."

यातली भाषा पहिल्या परिच्छेदापेक्षा साधी आहे. एकही भारदस्त विशेषण नाही. माहितीही फार वाढलेली नाही, एका पत्राचीच आहे. मग काय बदललं? आधीच्या परिच्छेदात विधानं होती. इथं विधान आहे, ते कशावरून केलं ते आहे, पुराव्यापासून विधानापर्यंतची पायरी आहे, आणि ही पायरी कुठं कच्ची आहे याची कबुलीही आहे. 'असावा असे मला वाटते' आणि 'नक्की उभे राहते' या दोन शब्दयोजना वेगवेगळ्या जागी मुद्दाम वापरल्या आहेत. कशाची किती खात्री आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, आणि ते तो वाचणाऱ्यापासून लपवत नाही. नऊ गुणांचा फरक म्हणतात तो हा. परीक्षक याला 'खोली' म्हणतो आणि तिथंच थांबतो, म्हणून विद्यार्थ्याला ती अंगचीच देणगी वाटते.

निबंधाच्या एकूण बांधणीतही हाच फरक दिसतो. तिच्या निबंधातल्या तिसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदांची मी अदलाबदल करून पाहिली. काही बिघडलं नाही. माहितीचे कप्पे एकमेकांशेजारी ठेवले असले की असंच होतं. पुराव्यावरून विधानाकडे जाणाऱ्या निबंधात अशी अदलाबदल केली तर अर्थ तुटतो, कारण चौथा परिच्छेद तिसऱ्यानं दिलेल्या आधारावर उभा असतो. नाव झाकून बघणं आणि परिच्छेद हलवून बघणं, या दोन चाचण्या कोणताही विद्यार्थी निबंध देण्याच्या आदल्या रात्री घरी करू शकतो.

इथं आमच्यातलेच काहीजण नाराज होतील, हे मला माहीत आहे. "सर, मोजून एक नाव आपल्याला इतिहासात मिळालं, त्यालाही तुम्ही कात्री लावता?" उलट आहे. जानेवारी 2025 मध्ये समाजमाध्यमांवर वाद पेटला, तो आठवा. फातिमा शेख हे पात्र मीच रचलं, प्रत्यक्षात अशी कुणी बाई नव्हतीच, असा दावा एका पत्रकारानं जाहीरपणे केला. त्या दिवसांत 'महान कार्य' आणि 'अतुलनीय योगदान' या शब्दांचा काय उपयोग झाला? विशेषणांना कुणी पुरावा मानत नाही. कामाला आलं ते हेच छापील पत्र. ज्यांना ते माहीत होतं त्यांनी शांतपणे पत्राकडे बोट दाखवलं, आणि ज्यांच्याकडे फक्त अभिमान होता ते चिडून भांडत राहिले. माझ्या विद्यार्थिनीच्या 66 गुणांच्या निबंधाला तो दावा उडवून लावता आला नसता. दुसऱ्या रूपातल्या परिच्छेदाला आला असता. आपल्या माणसांवर प्रेम असेल तर त्यांच्याबद्दल तेवढंच म्हणावं जेवढं टिकेल, आणि तेवढं ठामपणे म्हणावं.

आता शिक्षकांच्या बाजूचे आक्षेप. पहिला आक्षेप बी.एड.च्या मूल्यमापनाच्या पुस्तकातला: निबंधाचं गुणदान व्यक्तिनिष्ठच असतं, मग फरक सांगणार कसा? हे खरं आहे. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी 1912 मध्ये इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका 142 शाळांमधल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी 64 दिले, कुणी 98. दुसरीला 50 पासून 97 पर्यंत. तेव्हा 74 आणि 75 यांच्यामधल्या एका गुणाचं समर्थन मी करणार नाही, तो बऱ्याचदा परीक्षकाच्या मर्जीचा असतो. पण यावरून निघतं काय? गुण डळमळीत आहेत म्हणून कारणही सांगायचं नाही? आकड्यावर भरवसा कमी, म्हणून तर आकड्यामागचं कारण लिहून देणं जास्त गरजेचं. कारण चुकीचं असेल तर विद्यार्थी त्यावर बोलू शकतो. नुसत्या आकड्याशी काय बोलणार?

दुसरा आक्षेप वेळेचा. "माझ्याकडे एकशेवीस वह्या आहेत, प्रत्येकीला पानभर लिहू का?" पानभर कुणी मागतच नाही. एका वहीवर एकच वाक्य लिहा, पण ते त्या वहीतल्या एका ठरावीक वाक्याबद्दल असू द्या. 'खोली कमी' लिहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडाच जास्त वेळ "पान 3, 'पहिल्या मुस्लिम शिक्षिका' – हे कशावरून?" असं लिहायला लागतो. आणि हे दुसरं वाक्य विद्यार्थ्याला नेमकं काय करायचं ते सांगतं.

त्याहून चांगला उपाय निबंध लिहून घेण्याच्या आधीचा आहे. वर दिले तसे एकाच मुद्द्यावरचे दोन परिच्छेद फळ्यावर लिहा, गुण सांगू नका, आणि वर्गालाच विचारा की कोणता अधिक पटतो आणि का. ऑस्ट्रेलियातले शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी 1989 मध्ये हेच मांडलं होतं. दर्जा म्हणजे काय हे विद्यार्थ्याला कळलं पाहिजे, आपलं काम त्या दर्जाशी ताडून बघता आलं पाहिजे, आणि मधलं अंतर कमी करायला काय करायचं ते समजलं पाहिजे. तिन्ही गोष्टी लागतात. आपण पहिलीच शिक्षकाच्या डोक्यात ठेवतो आणि तिसरीची अपेक्षा विद्यार्थ्याकडून करतो. माझ्या वर्गातला अनुभव असा, की दोन परिच्छेद शेजारी ठेवले की नववीतली मुलंही दुसरा ओळखतात. पहिल्या वेळी बरीच मुलं पहिल्याला मत देतात, कारण त्यात जड शब्द असतात. 'नाव झाकून बघा' म्हटलं की हात खाली येतात.

या उपायाची एक मर्यादा मात्र आहे. 'पुरावा द्या, मर्यादा सांगा' हाही एक साचा होऊ शकतो. मग मुलं प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'तथापि याबाबत मतभेद आहेत' असं चिकटवतात. कोणते मतभेद, कुणाचे, ते नसतं. तेही नाव झाकण्याच्या चाचणीत सापडतं: जी शंका कुठल्याही विषयावर चालेल, ती शंका नव्हे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. असा मेल जरूर लिहा, त्यात अदब आहे आणि तो तुमचा हक्क आहे. पण प्रश्न असा विचारा की ठरलेलं उत्तर देताच येऊ नये. "75 साठी काय लागतं?" असं विचारलंत तर "वाचन वाढव" येईल. त्याऐवजी लिहा: "माझ्या निबंधातला सर्वांत कच्चा परिच्छेद मला तिसरा वाटतो, कारण त्यातलं पहिलं वाक्य मी कशावरून लिहिलं ते मी दाखवलेलं नाही. तो मी पुन्हा लिहून सोबत जोडला आहे. आता तो बरोबर दिशेनं आहे का?" याला उत्तर देताना शिक्षकाला तुमचा परिच्छेद उघडून वाचावाच लागेल.

आणि शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच सांगणं आहे, की पुढच्या गठ्ठ्यावर 66 लिहिण्याआधी त्या निबंधातलं एक वाक्य अधोरेखित करा आणि शेजारी 'कशावरून?' असं लिहा. असं एकही वाक्य सापडलं नाही, तर 66 लिहू नका.